सुरुवातीचं अवतरण आणि प्रकरणांची नावं कशी वाचावीत? ‘ॲना कॅरेनिना’ हाताशी धरून

कादंबरी हातात आली की आपण थेट पहिल्या प्रकरणावर जातो. त्याआधीची चार-पाच पानं अंगठ्याखालून निसटून जातात. त्यातल्याच एखाद्या जवळजवळ कोऱ्या पानावर दोन ओळींचं, दुसऱ्याच कुणाचं तरी वचन छापलेलं असतं. समीक्षक त्याला एपिग्राफ म्हणतात. सोलापुरातल्या आमच्या छोट्या वाचनगटात आम्ही त्याला ‘सुरुवातीचं अवतरण’ म्हणतो. दर रविवारी कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत बसायचं, चहा आणि शेंगदाण्याचे लाडू असतातच, आणि एक कादंबरी दोन-तीन महिने पुरवायची, असा आमचा बेत असतो.

गटात नवीन येणाऱ्यांचा गोंधळ साधारण एकाच जागी होतो. काही जण हे अवतरण वाचतच नाहीत. काही जण ते वाचून, लेखकाने निकाल आधीच सांगून टाकला अशा समजुतीत पुढचं सगळं वाचतात. माझ्या मते दुसरी सवय जास्त घातक, म्हणून हा लेख बराचसा तिच्यावर आहे. उदाहरणासाठी टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ घेतली आहे. तिच्या सुरुवातीला एकच अवतरण आहे आणि अख्ख्या कादंबरीत नाव असलेलं प्रकरणही एकच आहे. शिकायला एवढी सोयीची कादंबरी दुसरी मला ठाऊक नाही. शेवट माहीत होऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी कादंबरी वाचून मग इकडे यावं.

काय काय लागेल

- कादंबरीची संपूर्ण आवृत्ती किंवा संपूर्ण अनुवाद. संक्षिप्त चालणार नाही.
- अवतरण ज्या ग्रंथातून घेतलं आहे तो ग्रंथ, निदान त्यातलं ते पान.
- पोस्टकार्डाएवढा जाड कागद. तोच खूण म्हणून पुस्तकात राहील.
- पेन्सिल. पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिल फक्त त्या कागदावर चालवायची.

१. आवृत्ती पूर्ण आहे का ते बघा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. संक्षिप्त अनुवादात सगळ्यात आधी कात्री लागते ती अवतरणालाच, कारण गोष्ट कळायला त्याची गरज नसते. उलटही होतं. मूळ लेखकाने नुसते आकडे दिलेले असतात आणि संपादक किंवा अनुवादक वाचकाच्या सोयीसाठी प्रकरणांना नावं देऊन टाकतो. मग त्या नावांवर आपण डोकं खपवतो आणि ती लेखकाची नसतातच.

‘ॲना कॅरेनिना’चे एकूण आठ भाग आणि 239 प्रकरणं आहेत. तुमच्या प्रतीत प्रत्येक प्रकरणाला नाव असेल, तर ती नावं दुसऱ्या कुणीतरी दिलेली आहेत. एकाही प्रकरणाला नाव नसेल, तर एक नाव गळलं आहे. पाचव्या भागातलं विसावं प्रकरण काढा. तिथे ‘मृत्यू’ असं शीर्षक असायला हवं.

जॉइसच्या ‘युलिसिस’बद्दलही एक सांगून ठेवतो. तिच्यातल्या प्रकरणांची होमरवरून आलेली नावं अभ्यासक सर्रास वापरतात, पण 1922 साली पुस्तक निघालं तेव्हा ती त्यात छापलेली नव्हती. लेखकाने मनाशी ठेवलेलं नाव आणि वाचकाच्या हातात दिलेलं नाव यांचं वजन सारखं धरू नका.

२. कोणता मजकूर कुणाचा, ते वेगळं करा

मलपृष्ठावरचा मजकूर बहुधा प्रकाशकाचा असतो, तो बाजूला ठेवा. मनोगत लेखकाचं असलं तरी बहुतेकदा पुस्तक लिहून झाल्यावरचं असतं. ते शेवटी वाचा. अर्पणपत्रिका बहुतांशी खासगी असते आणि तिच्यातून कादंबरीचं काही हाती लागत नाही. अपवाद असतात. नेमाड्यांनी ‘कोसला’ शंभरातल्या नव्याण्णवांना अर्पण केली. तिथे अर्पणपत्रिकाच अवतरणाचं काम करते. पण असे अपवाद मोजकेच.

३. वाचायला बसण्याआधी अनुक्रमणिकेवर पाच मिनिटं घालवा

सवय लावायला मराठीतली ‘मृत्युंजय’ उत्तम. शिवाजी सावंतांनी भागांना निवेदकांची नावं दिली आहेत. भाग नऊ, त्यांपैकी चार कर्णाचे. उरलेले कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांचे, प्रत्येकी एक. आता यादीत कोण नाही ते बघा. अर्जुन नाही, द्रौपदी नाही. कर्णाला ज्यांनी दुखावलं, ज्यांच्याशी त्याचं हाडवैर, त्यांना या दरबारात बोलायला उभंच केलेलं नाही. जे बोलतात ते बहुतेक कर्णाच्या घरचे किंवा त्याच्या बाजूचे. म्हणजे कादंबरी कर्णाची कैफियत मांडणार, हे पहिली ओळ वाचण्याआधीच कळतं. मग शेवटचा भाग श्रीकृष्णाचा का? कर्ण स्वतःचा मृत्यू सांगू शकत नाही, ही झाली सोय. पण कर्णाच्या बाजूचे शोण आणि वृषाली असताना सावंतांनी शेवटचा शब्द पांडवांच्या सारथ्याकडे दिला. शत्रूपक्षाकडूनच कर्णाचं मोठेपण वदवून घेण्याची ही योजना अनुक्रमणिकेत उघड दिसते.

खांडेकरांच्या ‘ययाति’तही निवेदक तीनच आहेत: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. कच बोलत नाही. ज्याच्याकडे कादंबरी आदर्श म्हणून बघते त्याला तिने ‘मी’ म्हणू दिलेलं नाही. तो कायम दुसऱ्यांच्या डोळ्यांतूनच दिसतो.

नावांच्या यादीत जे आहे ते सगळ्यांनाच दिसतं. जे नाही ते शोधायला थोडं थांबावं लागतं, म्हणून ती पाच मिनिटं.

४. अवतरणाचं मूळ गाठा आणि त्याची पुढची ओळ वाचा

आता ‘ॲना कॅरेनिना’कडे. सुरुवातीच्या अवतरणाचा आशय असा: सूड घेणं माझं काम आहे, फेड मीच करीन. रशियन पुस्तकात ही ओळ रोजच्या रशियनमध्ये नसून चर्चच्या जुन्या भाषेत छापली आहे, त्यामुळे तिथल्या वाचकाला हे धर्मग्रंथातलं वचन आहे हे वाचताक्षणी कळे. अनुवादात हा फरक पुसला जातो आणि ओळ एखाद्या रागावलेल्या माणसाच्या धमकीसारखी वाटू लागते.

आमच्या गटातले एक निवृत्त मुख्याध्यापक पहिल्याच रविवारी म्हणाले, “स्पष्टच आहे की हो. बाईनं संसार मोडला, देवानं शिक्षा केली. पुस्तकाच्या कपाळावरच लिहिलंय.”

गटातल्या एक ताई ख्रिस्ती आहेत. त्यांनी पुढच्या रविवारी घरातलं मराठी बायबल आणलं. “सर, आधी पूर्ण वाचू या,” म्हणत त्यांनी रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय काढला. वचन एकोणिसावं. पौल रोममधल्या ख्रिस्ती मंडळींना लिहितो आहे. वाईटाची फेड वाईटाने करू नका, असं तो दोन वचनं आधी सांगतो. मग म्हणतो की प्रियजनहो, तुम्ही स्वतः सूड उगवू नका, कारण शास्त्रात लिहिलं आहे की सूड घेणं प्रभूचं काम आहे. आणि त्यानंतरचं विसावं वचन: तुझा वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, तान्हेला असेल तर पाणी दे.

मुख्याध्यापक थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे हे ॲनाला नाही, आपल्याला सांगितलंय?”

निदान तसं वाचता येतं, हे खरं. पुस्तकात फक्त वचनाचा मधला तुकडा छापला आहे. ‘तुम्ही सूड घेऊ नका’ हा आधीचा भाग आणि ‘वैऱ्याला जेवू घाला’ हा नंतरचा भाग दोन्ही बाहेर राहिले आहेत. कोऱ्या पानावर जी ओळ शिक्षेची वाटते, तीच मूळ जागी शिक्षेचा अधिकार माणसाच्या हातातून काढून घेते.

यात एक पायरी आणखी आहे. पौलसुद्धा हे वचन दुसरीकडूनच घेतो आहे. ते जुन्या करारातलं, अनुवाद या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातलं. तिथे ते मोशेच्या गीतात येतं आणि तिथला सूर खरोखर शिक्षेचा आहे. म्हणजे एकाच ओळीमागे दोन आवाज आहेत. टॉलस्टॉयच्या शब्दांची ठेवण पौलाच्या पत्राशी जुळते, म्हणून मी पौलाकडे झुकतो. पण जुना आवाज पूर्णपणे बंद करता येत नाही, आणि करूही नये.

मूळ गाठल्यावर कागदावर तीन गोष्टी लिहा: हे वाक्य कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, आणि लगेच पुढे काय येतं. ‘कोण म्हणतं’ हे विसरलं की काय होतं त्याचं उदाहरण मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये आहे. 1818 च्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मधल्या ओळी आहेत. मला मातीतून घडव असं मी तुला कधी म्हटलं होतं का, असा प्रश्न त्यात निर्मात्याला विचारलेला आहे. नुसतं मिल्टनचं नाव बघून पुढे गेलात तर ‘थोर कवीचे चरण’ एवढंच हाती लागतं. विचारणारा आदम आहे हे कळलं, की शीर्षकपानापासूनच बोलण्याचा पहिला हक्क फ्रँकेन्स्टाइनने घडवलेल्या त्या प्राण्याला दिलेला दिसतो. पुढे कादंबरीत तो प्राणी खुद्द तेच काव्य वाचतो आणि स्वतःची आदमाशी तुलना करतो.

५. ती ओळ खिशात ठेवून वाचा: तिच्याशी कोण कसं वागतं?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. अवतरण कागदाच्या माथ्यावर लिहा आणि तो कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवा. सूड, शिक्षा, माफी यांतलं काहीही कुणी केलं, की भाग, प्रकरण आणि एक ओळ टिपून ठेवा. निष्कर्ष काढू नका, फक्त टिपा. आमच्या कागदांवर बहुतेकांनी टिपलेल्या चार जागा सांगतो.

पहिला भाग. डॉलीचा नवरा बाहेरख्याली निघाला आहे आणि त्या दोघांचा समेट घडवायला नवऱ्याची बहीण मॉस्कोला येते. ती बहीण म्हणजे ॲना. डॉली तिला विचारते, तू असतीस तर माफ केलं असतंस? ॲना म्हणते, हो, आणि असं माफ केलं असतं की जणू काही घडलंच नव्हतं. म्हणजे कादंबरीत ॲनाची आपली पहिली ओळख होते तीच माफीची वकील म्हणून.

चौथा भाग, सतरावं प्रकरण. बाळंतपणानंतरच्या तापात ॲना मरणाच्या दारात आहे. नवरा कॅरेनिन तार मिळाल्यावर येतो. पुढे तो व्रॉन्स्कीला, म्हणजे बायकोच्या प्रियकराला, तोंडावर सांगतो की माझ्या मनात सूड होता, ती मरावी असंही मला वाटलं होतं, पण तिला पाहिलं आणि मी माफ केलं. अवतरणामागचं पौलाचं म्हणणं अख्ख्या कादंबरीत इतक्या शब्दशः जगणारा माणूस हाच, आणि वाचकाला तोवर तो सगळ्यात नावडता झालेला असतो. ज्याला माफी मिळाली तो व्रॉन्स्की घरी जाऊन स्वतःवर गोळी झाडतो. तो वाचतो, पण माफी पचवणं किती जड असतं हे टॉलस्टॉय लगेच पुढच्याच प्रकरणात दाखवतो.

पाचव्या भागाचा शेवट. ॲना पीटर्सबर्गच्या नाट्यगृहात जाते आणि शेजारच्या बॉक्समधली बाई तिच्या शेजारी बसणं म्हणजे अब्रू जाणं आहे अशा अर्थाचं बोलून तिचा पाणउतारा करते. अशा समाजात चोरून भानगडी करणारे पुष्कळ असतात, आणि शिक्षा होते ती उघडपणे वागणाऱ्या बाईला. जी शिक्षा देवाच्या हातात ठेवायची होती ती इथे दुर्बिणी लावून बसलेल्या लोकांनी हातात घेतली आहे.

सातवा भाग, एकतिसावं प्रकरण. स्टेशनवर, गाडीखाली जाण्याआधी ॲनाच्या मनातला विचार असा: तिथे, अगदी मध्ये, म्हणजे मी त्याला शिक्षा करीन आणि सगळ्यांपासून, माझ्यापासूनही सुटेन.

‘त्याला शिक्षा करीन.’ ही ओळ टिपून झाल्यावर कागदाच्या माथ्यावरचं वचन परत वाचा. अवतरणातला ‘मी’ आता ॲनाने स्वतःकडे घेतला आहे. पहिल्या भागात माफीची भाषा बोलणारी बाई शेवटी सूडाची भाषा बोलते आणि तो सूड तिच्यावरच उलटतो. ‘देवाने शिक्षा केली’ हे वाचन इथे कमी पडतं, कारण हा मृत्यू आकाशातून पडत नाही. कॅरेनिनच्या माफीचा हळूहळू झालेला भुगा, लोकांची तोंडं, मुलापासूनची ताटातूट आणि व्रॉन्स्कीवरचा राग या सगळ्यांनी मिळून तो घडवला आहे.

कागदाचा फायदा हाच की वाद झाला तर पान उघडता येतं. ज्यांच्याकडे नुसतं मत असतं त्यांना आम्ही चहा देतो आणि थांबवतो.

६. सगळ्या आकड्यांमध्ये एकच नाव असेल तर?

आता पाचव्या भागातलं विसावं प्रकरण, ‘मृत्यू’. न वाचलेल्या कुणालाही विचारा, हे प्रकरण कुणाच्या मृत्यूचं असेल? ॲनाच्या, असंच उत्तर येतं. ते प्रकरण कादंबरीचा दुसरा नायक लेव्हिन याच्या भावाचं, निकोलायचं आहे. गावातल्या एका कळकट लॉजमध्ये तो क्षयाने मरतो आहे. लेव्हिन घाबरून गेला आहे आणि त्याची नवी नवरी किटी मात्र उशा बदलते, खोली आवरते, सगळं हातात घेते. धर्मगुरू हात लावून बघतो आणि ‘गेला’ म्हणतो, तेवढ्यात त्या निश्चल छातीतून आवाज येतो: अजून नाही, लवकरच.

प्रकरणाच्या शेवटी डॉक्टर सांगतो की किटीला दिवस गेले आहेत. शीर्षकात मृत्यू आहे आणि शेवटच्या ओळींत जन्माची चाहूल.

ॲनाच्या मृत्यूच्या प्रकरणावर मात्र नुसता आकडा आहे. याचा अर्थ मी असा लावतो: टॉलस्टॉयला ज्या मृत्यूकडे बघत राहायचं आहे तो हा आहे, ज्याला कुणाचा सूड किंवा शिक्षा चिकटलेली नाही. लेव्हिनला त्या खोलीत जो प्रश्न पडतो तोच त्याला आठव्या भागापर्यंत छळतो. ॲना गेल्यावरही कादंबरी एकोणीस प्रकरणं चालू राहते याचा अनेकांना राग येतो. ‘आता हे काय शेतीचं आणि देवाचं?’ असं आमच्याकडेही ऐकू आलं. ज्यांनी ‘मृत्यू’ हे नाव टिपलं होतं त्यांना तो शेवटचा भाग शेपूट वाटला नाही, कारण कादंबरीचं दुसरं केंद्र कुठे आहे हे त्यांना पाचव्या भागातच कळलं होतं.

एका नावावर एवढं ओझं टाकावं का? 238 प्रकरणं सोडून एकालाच नाव दिलं आहे म्हणून टाकावं. प्रत्येक प्रकरणाला नाव असलेल्या कादंबरीत एकेका नावाचं वजन बरंच कमी असतं. क्रमशः छापल्या गेलेल्या कादंबऱ्यांत तर कित्येकदा नावाचं काम वाचकाला पुढच्या अंकासाठी लटकवून ठेवणं एवढंच असतं. तिथे एकटं नाव न बघता नावांचा क्रम आणि त्यातला बदल बघा. माणसांची नावं चालली असताना मध्येच एखाद्या गावाचं नाव का आलं, अशा तऱ्हेने.

७. सापळे

*अवतरण खोटं असू शकतं.* फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या (1925) सुरुवातीच्या ओळींखाली टॉमस पार्क डिन्व्हिलियर्स असं कवीचं नाव आहे. हा कवी जगात कधी नव्हता. तो फिट्झजेराल्डच्याच आधीच्या कादंबरीतलं पात्र आहे. गॅट्सबी स्वतःचं नाव आणि भूतकाळ रचतो, तर लेखकाने अवतरणाचा कवीही रचला. इथे मूळ ग्रंथ सापडत नाही हाच शोध. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये प्रत्येक प्रकरणावर अवतरण आहे आणि ज्यांच्याखाली नाव नाही ती तिची स्वतःची. वाचनालयात तासभर शोधाशोध करण्याआधी ही शक्यता ध्यानात घ्या.

*दोन अवतरणं असतील तर एकच धरू नका.* हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’मध्ये (1926) आधी गर्ट्रूड स्टाइनचं ‘तुम्ही सगळी वाया गेलेली पिढी’ अशा अर्थाचं वाक्य येतं आणि त्याखाली उपदेशक या बायबलमधल्या पुस्तकातला उतारा: पिढ्या येतात, जातात, पृथ्वी कायम राहते. दुसरं पहिल्याला उत्तर देतं. लोक पहिलंच लक्षात ठेवतात, कारण ते चटपटीत आहे.

*मजकुरात खूण सापडत नसेल तर सोडून द्या.* निम्मी कादंबरी झाली आणि कागद कोराच असेल, तर बहुधा ते अवतरण शोभेचं आहे. अशी पुष्कळ असतात. ओढूनताणून अर्थ काढण्यापेक्षा कागद काढून टाका आणि निवांत वाचा.

८. लेखकाचं स्पष्टीकरण सगळ्यात शेवटी

‘ॲना कॅरेनिना’च्या अवतरणावर तिच्या काळापासूनच वाद आहे. दोस्तोव्हस्कीने 1877 मध्येच लिहिलं की माणसाने माणसाचा अंतिम न्याय करू नये, असं ही कादंबरी सांगते. हे पौलाच्या वाचनाजवळ जातं. पुढे अनेक वर्षांनी टॉलस्टॉयला त्याच्या जावयामार्फत विचारणा झाली. तेव्हा त्याने सांगितल्याची नोंद आहे की माणूस जे वाईट करतो त्याची कडू फळं त्याला भोगावी लागतात, ती माणसांकडून नाही तर देवाकडून येतात, आणि ॲनाच्याही वाट्याला ती आली, एवढंच मला सांगायचं होतं.

हे वाचून दाखवल्यावर आमचे मुख्याध्यापक खूश झाले. “बघा, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.” ताईंनी शांतपणे सातव्या भागातलं पान उघडलं आणि ‘मी त्याला शिक्षा करीन’ ही ओळ परत वाचली. “सर, इथं देव कुठं बोलतोय?”

मी ताईंच्या बाजूने आहे. जावयामार्फत आलेलं ते उत्तर ऐंशीच्या घरात पोचत आलेल्या टॉलस्टॉयचं आहे, आणि कादंबरी लिहिणारा त्याच्यापेक्षा तीसेक वर्षांनी लहान होता. तरी ‘माणसांकडून नाही’ हे शब्द त्या स्पष्टीकरणातही आहेत, हे मुख्याध्यापकांना दाखवल्यावर त्यांनी कागद मागून घेतला आणि नाट्यगृहाच्या प्रसंगासमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या रविवारी आम्ही त्याच प्रश्नचिन्हापासून सुरू केलं.